धरणाखालची नर्मदा

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. अमरकंटकहून निघाल्यावर ११६३व्या किलोमीटरला सरदार सरोवराची भिंत लागते. भिंतीखाली समुद्रापर्यंत दीडशे किलोमीटर नदी उरते.

मराठी वाचकाला या धरणाची वरची बाजू माहीत आहे. अक्कलकुवा, धडगाव, नंदुरबार जिल्ह्यातली बाधित ३३ गावे, मणिबेली. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ १९९०च्या दशकात पाण्यात गेले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिणे गरजेचेच होते. खालच्या दीडशे किलोमीटरवर फार थोडे लिहिले गेले आहे. तिथे पाणी चढले नाही. ते गेले. ही नोंद मुख्यतः त्या भागाची आहे.

सुरुवात मात्र वरून करावी लागते, कारण खाली जे येत नाही ते वर अडलेले असते.

*

ओंकारेश्वराच्या वरच्या अंगाला धाराजी इथे नदी खडकावरून खाली पडत असे. खालच्या डोहाचे नाव धावडी कुंड. पाण्याबरोबर आलेले दगड त्या कुंडात गरगर फिरत, एकमेकांवर घासत आणि लांबट, गुळगुळीत होऊन बाहेर पडत. हेच नर्मदेचे बाण. महाराष्ट्रातल्या असंख्य देवघरांतला बाण याच नदीतला आहे. काही काळे, काही तांबूस, काहींवर जानव्यासारखी पांढरी रेघ.

ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात धावडी कुंड बुडाले. बाण घडायला पडते पाणी लागते. जलाशयात पाणी पडत नाही. बाजारात बाण अजून मिळतात.

धाराजीला भूतडी अमावास्येची यात्रा भरे. ७ एप्रिल २००५च्या रात्री लोक पात्रात होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटले. पन्नासहून अधिक माणसे वाहून गेली. पात्र उन्हाळ्यात कोरडे असते, हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नदीचे वेळापत्रक बदलले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

*

होशंगाबादच्या मासळीत महासीर असे. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. १९५८ ते १९६६ या वर्षांत तिथे पकडीच्या नोंदी झाल्या, त्यात पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक मासळी एकट्या महासीरची होती. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि उथळ, खळाळत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. गोट्यांमधून पाणी वाहते राहिले तर अंड्यांना हवा मिळते. पाणी थांबले की गाळ बसतो आणि अंडी त्याखाली गुदमरतात.

तवा धरण १९७०च्या दशकात झाले. बरगी १९९०च्या सुमारास. इंदिरा सागर २००५, ओंकारेश्वर २००७. सरदार सरोवराचा जलाशय २१४ किलोमीटर लांब आहे. एक जलाशय संपतो तिथून थोड्याच अंतरावर पुढचा सुरू होतो. मधला खळाळ कमी कमी होत गेला.

मध्य प्रदेश सरकारने महासीरला राज्य-मासा जाहीर केले. जलाशयांत आता कटला आणि रोहूचे बी सोडतात.

*

सरदार सरोवराचा पाया ५ एप्रिल १९६१ला पंडित नेहरूंनी घातला. राज्यांचे भांडण झाले. १९६९मध्ये न्यायमूर्ती रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. त्याचा निर्णय १२ डिसेंबर १९७९ला राजपत्रात आला.

त्या निर्णयात एक छोटा तक्ता आहे. चार वर्षांतल्या तीन वर्षी हमखास मिळेल असे नर्मदेचे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले आहे. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट. वाटणी अशी. मध्य प्रदेश १८.२५. गुजरात ९. राजस्थान ०.५०. महाराष्ट्र ०.२५.

बेरीज २८ होते.

तक्त्यात पाचवी ओळ नाही. समुद्रापर्यंत जाणाऱ्या नदीच्या नावाने काही लिहिलेले नाही. एखाद्या वर्षी जास्त पाणी आले तर ते कसे वाटायचे, हेही लवादाने ठरवून दिले: ७३ : ३६ : २ : १. म्हणजे जादा पाण्यालाही चारच मालक आहेत. लवादाचे काम राज्यांचा तंटा सोडवण्याचे होते आणि ते त्याने काटेकोर केले. नदी त्या तंट्यात पक्षकार नव्हती.

*

धरणाखाली नदीत सोडायचे पाणी ठरले ६०० क्युसेक. दर सेकंदाला ६०० घनफूट, म्हणजे सुमारे १७,००० लिटर. हे सोडायला एक लहान दार आहे. त्याला गोडबोले गेट म्हणतात.

सतरा हजार लिटर ऐकायला पुष्कळ वाटते. म्हणून हिशेब करून पाहावा लागतो. वर्षभर अखंड ६०० क्युसेक सोडले तर ०.४३ दशलक्ष एकर-फूट पाणी होते. २८ मधले ०.४३. टक्केवारीत दीड. नदीचे लवादाने धरलेले पाणी वर्षभर सारखे वाहिले असते, तर ते ३८,००० क्युसेकच्या वर गेले असते. सहाशे हा त्याचा चौसष्टावा हिस्सा.

भरूचपाशी पात्र एक किलोमीटरहून रुंद आहे. १८८१ साली तिथे बांधलेल्या गोल्डन ब्रिजची लांबी १,४१२ मीटर आहे. हिशेबापुरते पात्र एक किलोमीटर रुंद आणि पाणी फक्त एक मीटर खोल धरले, तर ६०० क्युसेक पाणी तिथून तासाला साठ मीटर सरकते. लहान मूल याहून वेगाने रांगते.

समोरून खंबायतच्या आखाताची भरती येते. भरती-ओहोटीत इतका फरक असलेल्या जागा जगात मोजक्या आहेत. आखाताच्या वरच्या भागात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढते.

पूर्वी या दोन पाण्यांची रोज झुंज होई आणि पावसाळ्यात नदी जिंकत असे. आता उन्हाळ्यात झुंज होत नाही.

*

भरूच आणि आसपासच्या गावांत नदीतून घागर भरत असत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार अर्ध्या ग्रॅमपर्यंत असावेत असे मानक आहे. म्हणजे सत्तर भाग गोड्या पाण्यात एक भाग समुद्र मिसळला तरी मर्यादा ओलांडली जाते.

आधी नदीचे पाणी मचूळ झाले. मग काठच्या विहिरींचे. मग कूपनलिकांचे. खारे पाणी जड असते. ते गोड्या पाण्याच्या खालून, तळाशी सरपटत आत येते. म्हणून वरच्या थरातले पाणी चाखून ते कळत नाही. खोल ओढणाऱ्या पंपाला ते आधी लागते.

२०१८च्या उन्हाळ्यात धरणातच पाणी कमी होते. त्या वर्षी भरूचजवळ नर्मदेचे पात्र चालत ओलांडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली.

*

धरणाच्या एकूण साठ्यापैकी साधारण तीन हजार सातशे दशलक्ष घनमीटर साठा असा आहे, जो वापरायचा नसतो. तो मृत साठा. त्यात काही जागा गाळासाठी धरलेली असते. गाळ साठणार हे अभियंत्यांना आधीपासून माहीत असते. तो खाली जाणार नाही, हेही.

नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मोडतो. गोटे आणि जाड रेती तिथेच पडते. बारीक रेती थोडी पुढे. चिकणमाती भिंतीपर्यंत पोहोचते आणि शांतपणे तळाशी बसते. सांडव्यावरून खाली येते ते जवळजवळ निवळ पाणी. नर्मदा समुद्राला देत असलेला गाळ धरणांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आशियातल्या मोठ्या नद्यांचा असा हिशेब झाला, तेव्हा नर्मदेतली घट सर्वांत ठळक निघाली.

गढूळ पाणी गेले आणि निवळ आले, यात वाईट काय असे वाटू शकते. पण नदीच्या पाण्यात माती वाहून नेण्याची ताकद असते आणि ती ताकद वापरली जातेच. वरून आलेली माती तिच्याजवळ नसली की ती खालचा तळ आणि काठ उकरते. तळातली जुनी रेती उचलली जाते. जागी नवी येत नाही. उरलेली रेती ट्रकने जाते.

मुखाशी उलटे घडते. भरती आपल्याबरोबर आखातातला बारीक चिखल आत आणते. ओहोटी त्यातला थोडाच परत नेते, कारण आत येणाऱ्या पाण्याचा जोर बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त असतो. उरलेला चिखल पूर्वी पावसाळ्यातला पूर एका झटक्यात समुद्रात ढकलत असे. पूर अडला, चिखल राहिला. जिथे होडी चालत होती तिथे आता ओहोटीला ती चिखलात बसते.

म्हणजे एकाच नदीत वर काठ ढासळतो आणि खाली तळ भरून येतो. कारण एकच आहे.

*

हिलसा. मराठीत पाला. भरूचकडे चाकसी.

हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. चंदेरी, चपटा, पोटाच्या कडेला करवतीसारखे खवले. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात आणि एकेक अंडे मोहरीच्या दाण्याहून लहान. अंडे गोड्या पाण्यात फुटते, साधारण एका दिवसात. तोवर त्याला प्रवाहात तरंगत राहावे लागते. पाणी मंद असेल तर ते तळाला बसते. पिल्ले काही महिने नदीत वाढतात आणि बोटभर, वीतभर झाली की समुद्राकडे उतरतात.

समुद्रातल्या माशाला नदीची वेळ पुराच्या पाण्यावरून कळते. आषाढात पहिला मोठा पूर समुद्रात शिरतो. त्याच्या गढूळ, गोड्या पाण्याचा पट्टा आखातात दूरवर पसरतो. खारटपणा उतरतो, पाणी थंड होते. त्या पट्ट्याच्या मागाने मासा मुखाशी येतो आणि भरतीवर स्वार होऊन वर चढतो. तो उड्या मारणारा मासा नाही. खोल, गढूळ, वाहते पाणी हीच त्याची वाट.

भाडभूतचे मच्छीमार आषाढी एकादशीला नदीची पूजा करतात. गुजरातेत तिला देवपोढी अग्यारस म्हणतात. नदीत दूध वाहतात, चुनडी अर्पण करतात आणि मग पाल्याच्या हंगामाला होड्या काढतात. तिथी अजून पाळली जाते.

बदलली ती पुराची तिथी. जून-जुलैत जलाशय रिकामा असतो. पहिला पूर येतो तो साठवायचा असतो, कारण धरणाचे कामच ते आहे. दुसरा पूरही साठतो. जलाशय भरत आल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास, दरवाजे उघडतात. पाऊस कमी असेल तर तेही उघडत नाहीत. वर्षाअखेर समुद्रात पुष्कळ पाणी गेले असे कागदावर दिसू शकते. पण ज्या पाण्याची वाट मासा आषाढात पाहत होता, ते भाद्रपदात आले. सरासरीच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

भरूचचा पाला बर्फात घालून रेल्वेने हावड्याला जात असे. बंगालात त्याला गिऱ्हाईक होते. काठच्या घरांत हंगामाच्या तीन-चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष निघे. पकड घटत गेली. काही होड्या समुद्रात लांब जाऊ लागल्या. काही किनाऱ्यावर उलट्या पडून आहेत. तरुण मुले दहेजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागली.

अशा परिणामांची सूचना आधी मिळाली होती. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांच्या समितीचा अहवाल जून १९९२मध्ये आला. धरणाखालच्या नदीचा नीट अभ्यास झालेला नाही आणि हिलशाची मासेमारी धोक्यात आहे, असे त्यात नोंदले होते. मार्च १९९३मध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज सोडले. चर्चा विस्थापनाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. खालच्या नदीचे प्रकरण मागे राहिले.

*

मोठी कोळंबी उलट्या दिशेने प्रवास करते. ती गोड्या नदीत राहते आणि अंडी पोटाशी घेऊन मचूळ पाण्यात उतरते. पिल्लांना जगायला थोडे मीठ लागते, फार नाही. वाढल्यावर ती पुन्हा वर चढतात. गोड्या आणि खाऱ्याच्या मधला हा पट्टा पूर्वी ऋतूप्रमाणे पुढे-मागे सरके. आता तो बराच वर सरकला आहे आणि तिथून पुढे गरुडेश्वरचा बंधारा आहे.

गरुडेश्वरचा बंधारा मुख्य धरणाच्या खाली सुमारे बारा किलोमीटरवर आहे. वीजघरातून सुटलेले पाणी तिथे अडवून पुन्हा वर चढवता यावे, हा त्याचा हेतू. धरण आणि बंधारा यांच्या मधल्या पाण्यात पर्यटकांची बोट फिरते.

*

परिक्रमेचा सर्वांत पश्चिमेचा टप्पा होडीतून होतो. परिक्रमावासी दक्षिण तटावर विमलेश्वरला थांबतात, भरतीची वेळ पाहतात आणि समुद्र ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरतात. नर्मदा ओलांडायची नाही, असा परिक्रमेचा नियम आहे. म्हणून जिथे नदी संपली आणि समुद्र लागला, तिथूनच पलीकडे जायचे.

नदी कुठे संपते, ही जागा आता ऋतूवर नाही, दरवाज्यांवर ठरते.

*

जून २०१७मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १७ सप्टेंबर २०१७ला लोकार्पण झाले. उंची १३८.६८ मीटर. बरोबर सहा वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२३ला, अठरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी खाली सुटले. भरूच आणि अंकलेश्वरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. केळी आणि ऊस आडवा झाला.

सहाशे आणि अठरा लाख. खालच्या नदीला ही दोन टोके उरली आहेत. मधले पूर गेले. पाच हजारांचा, वीस हजारांचा, लाखाचा. तेच दर वर्षी येत. तेच चिखल धूत, मीठ मागे सारत आणि माशाला बोलावत. त्यांनी कोणाचे घर बुडवले नव्हते.

*

मुखापासून थोडे आत, भाडभूतला, आता बंधारा होतो आहे. लांबी सुमारे १.७ किलोमीटर, दरवाजे ९०. ऑक्टोबर २०१७मध्ये भूमिपूजन झाले. समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये आणि भरूचपर्यंत गोड्या पाण्याचे सरोवर व्हावे, हा उद्देश सांगितला जातो. त्या पाण्यातला हिस्सा कारखान्यांसाठी आहे. वरून गाड्याही जातील.

मीठ आत येते, हे खरे आहे. ते वरून गोडे पाणी येत नाही म्हणून येते. वरच्या भिंतीचा परिणाम आवरण्यासाठी खाली दुसरी भिंत, असा हा उपाय आहे. पाल्याची उरलीसुरली वाट या दोन भिंतींच्या मधली होती.

माशांसाठी वाट ठेवून हे सुटते का, याचा अनुभव गंगेवर आहे. फरक्का बंधारा १९७५मध्ये सुरू झाला. दरवाजे १०९. त्यांत माशांसाठीही दारे होती. त्याआधी हिलसा प्रयागच्याही वर जात असे. नंतर प्रयागची हिलशाची मासेमारी संपली. आता फरक्क्याच्या खाली हिलसा पकडून, खुणेची चकती लावून, हाताने वरच्या बाजूला सोडतात.

*

नदीत किती पाणी ठेवावे, यावर जगभर गेली पन्नास वर्षे काम झाले आहे. अमेरिकेत टेनंट यांनी १९७६मध्ये एक सोपा नियम मांडला. वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या दहा टक्के पाणी म्हणजे जलचर जेमतेम तगतील अशी अवस्था. नर्मदेला हा नियम लावला तर ३,८०० क्युसेकच्या पुढे आकडा येतो. सहाशे त्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी आहे.

पण टेनंटचा नियम मोसमी नद्यांसाठी नाही. नर्मदेचे बहुतेक पाणी चार महिन्यांत येते. तिला वर्षभर एकच धार देणे हेच चुकीचे आहे, मग धार कितीही मोठी असो. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात वेगळी रीत घातली. त्यांनी विचारले, कोणते पाणी कोणते काम करते? उन्हाळ्यातली धार मीठ थोपवते. पहिला पूर माशाला बोलावतो. पावसाळ्याच्या मध्यातली उंच पातळी अंडी तरंगत ठेवते. चार-दोन वर्षांतून येणारा मोठा पूर चिखल धुऊन पात्र मोकळे करतो. प्रत्येक कामाचे पाणी वेगळे मोजायचे आणि मग बेरीज करायची.

नर्मदेपुरता एक कच्चा हिशेब मांडता येतो. वर्षभर ६०० ऐवजी १,५०० क्युसेक. त्याशिवाय आषाढात पंधरा दिवस २०,००० क्युसेक, भरतीच्या दिवसांशी जुळवून. पहिल्याला १.०९ आणि दुसऱ्याला सुमारे ०.६ दशलक्ष एकर-फूट लागते. मिळून १.७. अठ्ठावीसमधले सहा टक्के. एवढ्याने जुनी नदी परत येणार नाही. गाळ तर नाहीच, तो भिंतीमागेच राहील. मीठ किती मागे सरते आणि मासा येतो का, हे मात्र पाच-सहा पावसाळ्यांत मोजून कळेल. भरूचच्या पुलाखाली तळाच्या पाण्याचा खारटपणा रोज मोजायचा आणि भाद्रपद-आश्विनात पाल्याची पिल्ले जाळ्यात येतात का ते पाहायचे. दोन्ही कामे स्वस्त आहेत.

विरुद्ध बाजूचा मुद्दा खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. याच धरणाचे पाणी कालव्यातून आणि नळांतून सौराष्ट्र-कच्छच्या हजारो गावांना पोहोचते. तिथे टँकरची वाट पाहिलेली माणसे आहेत. पण ती गावे पितात ते पाणी एकूण वाटपाचा लहान भाग आहे. मोठा भाग शेताला जातो. सहा टक्क्यांचा प्रश्न तहानेचा नाही, पिकांचा आणि कारखान्यांचा आहे. तो तसाच मांडला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. नदीच्या पात्रातले वीजघर १,२०० मेगावॉटचे आहे. त्यातून सुटणारे पाणी नदीतच पडते. आषाढातले पाणी टर्बाइनमधून सोडले तर वीज मिळते आणि नदीलाही मिळते. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. टर्बाइन संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद, अशी धार माशाला उपयोगाची नाही. ती सारखी करायला गरुडेश्वरचा बंधारा आयता आहे. त्यासाठी नवी भिंत लागत नाही, दरवाज्यांचे नियम बदलावे लागतात.

गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये तसे नियम काढले. हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी सोडायचे. महिना पाहून आकडा बदलतो, हे त्यात महत्त्वाचे. नर्मदेसाठी अशी अधिसूचना नाही.

*

लवादाच्या निर्णयात एक कलम आहे. पाणीवाटपाचा फेरविचार राजपत्रातल्या प्रसिद्धीनंतर ४५ वर्षांनी केव्हाही करता येईल. ती मुदत १२ डिसेंबर २०२४ला पुरी झाली. फेरविचार होईल तेव्हा चारही राज्ये आपला हिस्सा वाढवून मागतील. त्या तक्त्यात पाचवी ओळ घालावी, ही मागणी मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान किंवा महाराष्ट्र यांपैकी कोणत्या तरी एका राज्यालाच करावी लागेल. महाराष्ट्राचा वाटा सर्वांत लहान, पाव दशलक्ष एकर-फूट आहे. ही मागणी करण्यात त्याचे सर्वांत कमी जाते. ती महाराष्ट्राने करावी.